तीन लाख बावीस हजारांचा फरक आणि डिसेंबरमधला एक मेल

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीनिंगच्या कारखान्यात मी हिशेब बघते. भागीदारी फर्म आहे, सीएनसी मशीन पाच, माणसं बावीस आणि ऑफिसात मी एकटी. आमच्या येणे बाकीतला निम्म्याहून जास्त भाग एकाच ग्राहकाकडे असतो. ही चाकणची वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. तिचं नाव इथे घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातल्या चुका दोन्हीकडच्या आहेत.

2024 च्या डिसेंबरची गोष्ट. दर तिमाही संपताना मालक विचारतात, "चाकणचं खातं जुळलं का?" आणि मी दर वेळी "मेल टाकलाय" म्हणते. जून आणि सप्टेंबरमध्ये हेच झालं होतं. या वेळी मात्र बँकेच्या सी.सी. लिमिटचा, म्हणजे रोजच्या खर्चासाठी बँक देते त्या कर्जमर्यादेचा, प्रश्न होता. आमची बँक नव्वद दिवसांपेक्षा जुनी येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणाऱ्या रकमेच्या हिशेबात, धरत नाही, आणि चाकणच्या खात्यात ऑगस्टचं एक बिल नव्वद दिवस ओलांडून बसलं होतं. मालक म्हणाले, "तेवढं डिसेंबरच्या आत मिटवा बघा, मार्चला मला ऑडिटरसमोर तोंड वाजवायला नको."

3 डिसेंबरला मी नेहमीचा मेल पाठवला. 30 नोव्हेंबरअखेर आमच्या पुस्तकात तुमच्याकडून 8,64,300 रुपये येणे दिसतात, कृपया पुष्टी द्यावी, सात दिवसांत उत्तर न आल्यास ही बाकी बरोबर आहे असे समजले जाईल. सोबत टॅलीतून काढलेल्या लेजरची पीडीएफ. सहा दिवस काही उत्तर नाही.

सोमवारी, 9 तारखेला, मी आमच्या सीए साहेबांना फोन केला. त्यांनी माझं ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि हसले. म्हणाले, "तुम्ही मनातल्या मनात काहीही समजा, समोरच्याने ते वाचलं तरी आहे का?" उत्तर आलं नाही म्हणजे बाकी मान्य, अशी पत्रं ऑडिटमध्ये चालतात, पण एसए 505 या मानकातच त्यांना कमी वजनाचा पुरावा मानलंय. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती जास्त लागली. बाकीचा आकडा आपणच लिहून पाठवला, की समोरचा माणूस न बघता सही ठोकतो. जूनमध्ये असंच झालं होतं. आमच्याच आकड्याखाली शिक्का मारून कागद परत आला होता आणि मी तो फाइलला लावून निवांत झाले होते. ऑगस्टमध्ये सुरू झालेला घोळ तेव्हा नव्हता हे खरं, पण असता तरी तो त्या शिक्क्याखाली झाकला गेला असता.

मग लक्षात आलं की मेल गेलाच होता चुकीच्या माणसाला. माझ्या ॲड्रेस बुकात चाकणचा जो पत्ता होता तो खरेदी विभागाचा. ऑर्डर देणारे आणि भावावरून घासाघीस करणारे तेच, म्हणून आमच्यासाठी कंपनी म्हणजे तेच. पण त्यांना पुरवठादारांचे लेजर दिसत नाहीत. त्यांनी माझा मेल उघडून बाजूला ठेवला असणार. त्यांच्याकडूनच देणी विभागाचा नंबर घेतला. तिथे एक मॅडम भेटल्या. त्यांच्याकडे साडेचारशे पुरवठादारांची खाती आहेत असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. म्हणाल्या, "ताई, बॅलन्स कन्फर्म करा म्हणून मला रोज दहा मेल येतात. मी माझा लेजर काढून देते, तुम्हीच टिक मारा. काय जुळत नाही तेवढं एकेक विचारा, त्याचं उत्तर देते."

बुधवारी त्यांची एक्सेल शीट आली. खाली त्यांच्या पुस्तकातली बाकी होती 5,42,231 रुपये. आमच्यापेक्षा 3,22,069 कमी. मी मालकांना लगेच सांगितलं नाही.

टिक मारायला बसले तर पहिली अडचण बिल नंबरचीच. आमचा नंबर `KM/24-25/0187` असा. तिकडे कुणी तिरप्या रेघा गाळून टाइप केलाय, कुणी फक्त 187 लिहिलंय. नुसतं VLOOKUP लावलं तर अर्धी बिलं नाहीतच असं दिसतं. म्हणून दोन्ही शीटमध्ये एक जादा रकाना करून रेघा काढून टाकल्या:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,"/",""),"-","")
```

त्याने बरीचशी बिलं जुळली. नुसते शेवटचे आकडे लिहिलेली सात-आठ बिलं मी रक्कम बघून हाताने जुळवली. इथे एक सांगून ठेवते, रकमेवरून जुळवताना तारीखही बघावी. आमचे एकाच पार्टचे दोनशे-दोनशे नग वरचेवर जातात, त्यामुळे एकाच रकमेची तीन-तीन बिलं असतात आणि भलतंच बिल भलत्याला टिकतं.

दुपारपर्यंत दोन्ही बाजूंना जे उरलं ते पाच नोंदींत मावत होतं. तीन लाखांचा फरक बघून छातीत धस्स झालं होतं, आणि समोर आल्या त्या मोजून पाच ओळी.

शुक्रवारी 13 तारखेला मी दुसरा मेल लिहिला. या वेळी मॅडमना, आणि खरेदीच्या साहेबांना प्रत. मेल इंग्रजीत होता. त्याचा मजकूर साधारण असा:

> विषय: 30 नोव्हेंबर 2024 ची खाते पडताळणी – पाच नोंदींचा खुलासा हवा, 20 डिसेंबरपर्यंत
>
> मॅडम, आपण पाठवलेला लेजर आमच्याशी ताडून पाहिला. आमची बाकी 8,64,300, आपली 5,42,231. फरक पुढील नोंदींचा दिसतो:
>
> 1) आमचे 29 नोव्हेंबरचे बिल, 1,41,600. आपल्याकडे नोंद नाही. माल 30 तारखेनंतर जमा झाला का? जीआरएनची तारीख कळवावी.
>
> 2) आमचे 17 ऑगस्टचे बिल, 59,000. आपल्याकडे नोंद नाही. गेट एन्ट्रीचा शिक्का असलेले चलन जोडले आहे. माल कुठे अडकला आहे ते पाहावे.
>
> 3) आपली डेबिट नोट, 16,992. आमच्याकडे पोचलेली नाही. प्रत आणि रिजेक्शन रिपोर्ट पाठवावा.
>
> 4) आपण 18 ऑक्टोबरला दिलेले 94,400. आमच्या खात्यात दिसत नाहीत. बँक व्यवहाराचा यूटीआर नंबर द्यावा.
>
> 5) टीडीएस 10,080. बिलवार हिशेब पाठवावा.
>
> पहिली नोंद सोडून बाकीच्यांत ज्या बाजूची चूक असेल तिने 31 डिसेंबरपूर्वी आपापल्या पुस्तकात नोंद करावी, म्हणजे तिमाही त्याच आकड्यावर बंद करता येईल.

हा मेल लिहिताना मी दोनच गोष्टींची काळजी घेतली. प्रत्येक ओळीत एकच प्रश्न, आणि त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून नेमका कुठला कागद किंवा नंबर हवा ते. "फरकाचा खुलासा करावा" एवढंच लिहिलं असतं तर मॅडमना आधी माझं काम पुन्हा करावं लागलं असतं. आणि तारीख 20 ठेवली, 31 नव्हे, कारण त्यांच्याकडे 25 पासून शटडाऊन असतो आणि त्या आठवड्यात ऑफिसात माणूस असला तरी स्टॉक मोजण्यात असतो.

पहिल्या नोंदीचं काही नव्हतं. 29 ला शुक्रवार, गाडी रात्री निघाली, शनिवारी गेटवर पोचली, तपासणी होऊन जीआरएन, म्हणजे माल जमा झाल्याची नोंद, पडला सोमवारी 2 डिसेंबरला. आमच्या पुस्तकात विक्री नोव्हेंबरची, त्यांच्या पुस्तकात खरेदी डिसेंबरची. यात कुणी काहीच करायचं नसतं, फक्त पडताळणीच्या कागदावर वाटेतला माल म्हणून दाखवायचं. पण विचारणं भाग होतं, कारण वाटेतलं बिल आणि हरवलेलं बिल लेजरमध्ये अगदी सारखंच दिसतं.

हरवलेलं बिल ऑगस्टचं. मेलला जोडलेलं ते चलन शोधायला मला दीड दिवस लागला. रक्कम एक लाखाच्या आत आणि माल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, म्हणजे ई-वे बिल नाही. पुरावा काय, तर ड्रायव्हरने परत आणलेली चलनाची शिक्का मारलेली प्रत. ती आमच्या डिस्पॅचच्या पोराने एका जुन्या ड्रॉइंगच्या फाइलमध्ये खोचून ठेवली होती. शिक्का पुसट होता पण गेटचा इनवर्ड नंबर वाचता येत होता. त्या नंबरावरून चाकणच्या स्टोअरने शोध घेतला आणि जे निघालं ते मला आजही गमतीचं वाटतं. माल पोचला होता, वापरलाही गेला होता. पण त्या पार्टच्या पीओत, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरीत, पाचशे नग होते आणि आधीच्या बिलांनी चारशे ऐंशी संपले होते. आमचं हे बिल शंभर नगांचं. सिस्टीमने जीआरएन घेतला नाही, स्टोअरवाल्याने लाइन थांबू नये म्हणून माल आत दिला आणि बिल ट्रेमध्ये ठेवलं, पीओ वाढवून आला की करू म्हणून. मग गणपती आले, स्टोअरवाल्याची बदली झाली, ट्रे तसाच राहिला.

यात चूक कुणाची? माझ्या मते आमचीही. पीओत वीसच नग शिल्लक असताना शंभर पाठवले, ते फोनवरच्या "पाठवून द्या, पीओ करतो" या शब्दावर. खरेदीच्या साहेबांना प्रत ठेवली होती ती इथे कामाला आली, कारण पीओची दुरुस्ती त्यांच्याशिवाय कुणी करू शकत नव्हतं. 19 तारखेला पीओ वाढला, 20 ला जीआरएन पडला. जीएसटी मात्र आम्ही सप्टेंबरच्या तिमाहीतच भरून बसलो होतो. म्हणजे 59,000 मिळायच्या आधीच 9,000 रुपये कर खिशातून गेला होता.

डेबिट नोट, म्हणजे आमच्या बाकीतून रक्कम वजा करणारा ग्राहकाचा कागद, हा प्रकार वेगळा. पंचेचाळीस नग बोअर मोठा झाला म्हणून नाकारले होते, नगाला 320 रुपये, त्यावर 18 टक्के, 16,992. माल परतीच्या गाडीने आलाही होता, आमच्या इन्स्पेक्शन टेबलाखाली क्रेटमध्ये पडून होता. कागद क्रेटच्या आतच होता, तेलात भिजलेला. इथे बऱ्याच जणांची गफलत होते ती अशी की ग्राहकाने डेबिट नोट काढली म्हणजे काम झालं असं वाटतं. त्यांच्या पुस्तकापुरतं ते खरं. पण आमचा विक्रीवरचा कर कमी व्हायचा तर क्रेडिट नोट आम्हीच काढायला हवी. आमची वर्षाची उलाढाल पाच कोटींच्या आतली, म्हणून आम्ही तिमाही रिटर्नवाले. 31 डिसेंबरपर्यंतच्या तारखेची क्रेडिट नोट जानेवारीतल्या जीएसटीआर-1 मध्ये जाते, ज्याची नेहमीची मुदत 13 जानेवारी. तारीख 1 जानेवारी पडली तर तीच नोट एप्रिलपर्यंत लोंबकळते. क्यूसीच्या दादांनी नग मोजून "पंचेचाळीसच आहेत, आणि बोअर खरंच मोठा आहे" असं तोंड पाडून सांगितलं आणि मी 21 तारखेला क्रेडिट नोट काढली.

टीडीएसची ओळ लहान पण चिवट होती. आम्ही त्यांचं जॉबवर्क करतो, त्यावर तेव्हा ते आयकर कायद्याच्या 194सी कलमाखाली दोन टक्के टीडीएस कापायचे. माल-विक्री वर्षाला पन्नास लाखांपर्यंत जात नव्हती, म्हणून माल-खरेदीवरचं 194क्यू लागत नव्हतं. मी टीडीएसची नोंद पैसे आल्यावर करते, ते बिल चढवतानाच करतात, म्हणून फरक दिसणारच होता. पण आकडा बसेना. ऑक्टोबर-नोव्हेंबरची जॉबवर्कची बिलं कर सोडून 4,50,000 ची. दोन टक्के म्हणजे 9,000. त्यांनी कापले होते 10,080. वरचे 1,080 कुठून आले? 10,080 ला दोन टक्क्यांनी उलटं काढलं तर 5,04,000 येतात, आणि ती बिलांची, जॉबवर्कवरच्या तेव्हाच्या बारा टक्के जीएसटीसकट, रक्कम. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस कापायचा नाही, हे 2017 च्या परिपत्रकात आहे. मॅडमनी मान्य केलं, नवीन आलेल्या मुलाने टॅक्स कोड चुकीचा लावला होता.

आता ते 1,080 परत मागायचे का? मी मागितले नाहीत. पैसे सरकारकडे आमच्याच पॅनवर भरले गेले होते, नोव्हेंबरचेही 7 डिसेंबरला. तिमाहीचं टीडीएस रिटर्न 31 जानेवारीपर्यंत भरलं जातं, त्यानंतर ते 26 एएस या आमच्या कराच्या उताऱ्यात दिसणार होते आणि आमच्या आयकरात वळते होणार होते. म्हणून आमच्या पुस्तकात पूर्ण 10,080 घेतले आणि पुढच्या बिलापासून कोड दुरुस्त करा एवढंच लिहून घेतलं. हजार रुपयांसाठी त्यांना चलन दुरुस्तीच्या भानगडीत पाडलं असतं तर पुढच्या तिमाहीला माझा फोन कुणी उचलला नसता.

राहिले 94,400. यावर मी सगळ्यात ठाम होते. आमच्याकडे आलेच नाहीत, तुमचं पेमेंट परत गेलं असणार, असं मी मॅडमना फोनवर जवळजवळ ऐकवलंच होतं. बुधवारी, 18 तारखेला त्यांनी यूटीआर नंबर पाठवला. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तो नंबर टाकून शोधला आणि 18 ऑक्टोबरच्या तारखेला समोर आला. पैसे आले होते. स्टेटमेंटमध्ये पाठवणाऱ्याचं नाव अर्धंच छापलं जातं, आणि या कंपनीची एक सिस्टर कन्सर्न आहे, तिचीही आम्ही थोडी कामं करतो. दोघांच्या नावातले पहिले दोन शब्द एकच. मी 94,400 त्या दुसऱ्या खात्यावर जमा केले होते. त्या खात्यात तेवढी जमा बाकी गेले दोन महिने दिसतही होती, आणि मी ती ॲडव्हान्स समजून चालले होते. पुढच्या ऑर्डरचा ॲडव्हान्स आम्हाला कुणी कधी दिलाय, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता.

मॅडमना फोन करून सांगितलं, चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, "अहो होतं, आमच्याकडे उलटंही होतं." खाते बदलायला मी ऑक्टोबरच्या पावतीत हात घातला नाही. सीए साहेबांच्या सांगण्यावरून डिसेंबरच्या तारखेने जर्नल टाकलं, खाली यूटीआर लिहून. सप्टेंबरनंतरचे आकडे बँकेला देऊन झालेले, मागच्या तारखेला काही हलवलं की तेही हलतात.

आता बेरीज. आमचे 8,64,300, त्यातून क्रेडिट नोटचे 16,992, टीडीएसचे 10,080 आणि सापडलेले 94,400 वजा केले, 7,42,828 राहिले. त्यांचे 5,42,231, त्यात वाटेतले 1,41,600 आणि ऑगस्टचे 59,000 मिळवले, 7,42,831. तीन रुपये उरले. ते बिलांच्या राउंडिंगचे, चार वेगवेगळ्या बिलांत विखुरलेले. मी शोधले, कारण मला झोप आली नसती. पण शोधून झाल्यावर राउंड ऑफच्या खात्याला टाकले.

हा सगळा तक्ता एका पानावर मांडून 23 तारखेला तिसरा मेल पाठवला, या वेळी "पुष्टी द्यावी" या शब्दांसकट. सीए साहेबांनी लेटरहेडवर सही-शिक्का मागायला सांगितलं होतं. मुदतीच्या कायद्यात, कलम 18 मध्ये, देणं मान्य केल्याचा सही केलेला कागद मुदत संपायच्या आत मिळाला तर तिथून पुन्हा तीन वर्षं मोजली जातात, आणि ऑगस्टसारखी बिलं कधी वादात गेली तर तो कागद उपयोगी पडतो. मॅडमनी शटडाऊनच्या मधल्या एका दिवशी, 27 ला, सही करून स्कॅन पाठवला. सोबत एक ओळ: "तीन रुपये आमच्याकडेही राउंड ऑफला टाकले."

मालकांना कागद दाखवला. त्यांनी आकडा बघितला, ऑगस्टच्या बिलावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कधी देणार?" बिल 20 डिसेंबरला चढलं म्हणजे त्यांच्या हिशेबाने साठ दिवस तिथून सुरू. मी फेब्रुवारी म्हणाले. ते काही बोलले नाहीत.

एक काम राहिलं होतं. 3 डिसेंबरला सिस्टर कन्सर्नलाही मी तसाच मेल पाठवला होता, त्यांची बाकी 94,400 ने कमी दाखवून, आणि सात दिवसांत उत्तर न आल्यास ती बरोबर समजली जाईल असं खाली लिहून. उत्तर अर्थातच आलं नव्हतं. 31 तारखेला संध्याकाळी, टॅलीचा बॅकअप घेऊन झाल्यावर, तो आकडा मागे घेणारा मेल लिहायला बसले.